शब्दचर्चा: बेस प्लेटमधल्या ‘कॅन्टिलिव्हर स्ट्रिप’ला मराठीत काय म्हणावे?

मृण्मयी: डिप्लोमाच्या मुलांसाठी मराठी टिपणे लिहिते आहे. काँक्रीटच्या फुटिंगवर लोखंडी खांब उभा, खाली बेस प्लेट. प्लेटची जाडी काढताना खांबाबाहेर राहिलेल्या भागाची ‘कॅन्टिलिव्हर स्ट्रिप’ धरतात. मी ‘कॅन्टिलिव्हर पट्टी’ असे लिहिले, तर एका मुलाने आकृतीत प्लेटवर चार पट्ट्या वेल्ड करून दाखवल्या! आता शब्द बदलू की आकृती?

वर्कशॉपवाला: पोराचं काय चुकलं? आमच्याकडे पट्टी म्हणजे एमएस फ्लॅट. ‘पट्टी मार’ म्हटलं की माणूस ग्राइंडर घेऊनच येतो.

वळचण: छज्जासाठी कॅन्टिलिव्हर पट्टी चालेल. पण मुख्य सळई वरच्या बाजूला येते हे मुलांना नक्की सांगा. आमच्या घराच्या छज्जात गवंड्याने जाळी खाली टाकली होती, सेंटरिंग काढताच मुळाशी भेग पडली.

मृण्मयी: छज्जाचं नाही हो, खांबाखालच्या प्लेटचं विचारते आहे.

जुना ड्राफ्ट्समन: मुळात इथे कॅन्टिलिव्हर हा शब्दच पटत नाही. कॅन्टिलिव्हर म्हणजे एका टोकाला पक्के, बाकी अधांतरी. प्लेट तर सगळीकडून काँक्रीटवर टेकलेली आहे, ती वाकेल कशाला? आम्ही सूत्रात आकडे घालायचो, 185 चा ताण आणि `b²/4`, झाले काम.

तुळई: टेकलेली आहे म्हणूनच वाकते. खांब प्लेटला खाली दाबतो आणि काँक्रीट तिच्या पूर्ण तळाला वर ढकलते. खांबाखालच्या भागाला वरून खांबाचा दाब आहे, बाहेर सोडलेल्या कडेवर मात्र वरून काहीच नाही. त्यामुळे कड वर उचलली जाऊ पाहते. वळचण यांचा छज्जा अगदीच अवांतर नाही, फक्त तो उलटा करून पाहायचा. छज्जावर भार वरून येतो, ताण वरच्या अंगाला. इथे भार खालून येतो, ताण प्लेटच्या तळाला.

तुमचे 185 आणि `b²/4` हे 1984 च्या IS 800 या पोलादी बांधकामाच्या संहितेतले. 2007 च्या आवृत्तीत असे आहे:

```
t = √( 2.5 · w · (a² − 0.3 b²) · γm0 / fy )
```

`t` ही प्लेटची जाडी, `w` हा खालून येणारा दाब, `fy` हा पोलादाचा नमन-ताण आणि `γm0` हा सुरक्षा गुणक. खांबाभोवती चौकट आखली की तिच्याबाहेर सुटलेली मोठी कड `a` आणि लहान कड `b`.

मृण्मयी: म्हणजे ‘स्ट्रिप’ ही कल्पनेतली आहे, हेच मुलाला कळले नाही. आणि हा 2.5 कुठून आला?

तुळई: त्या पट्टीतूनच! प्लेटची 1 मिमी रुंदीची फाक मनातल्या मनात कापा. मुळाशी वाकण्याचा जोर `w·a²/2`. फाकेचा छेद-गुणांक `t²/6`. संहितेने क्षमता छेद-गुणांकाच्या `1.2 fy/γm0` पटीपर्यंत धरू दिली आहे. 6 ला 2 × 1.2 ने भागा, आले 2.5. म्हणून शब्द कोणताही घ्या, पण ‘कापलेली’ हा अर्थ त्यात हवा. मी ‘1 मिमीची फाक’ म्हणतो.

वर्कशॉपवाला: फाक आंब्याची. पण बरं वाटतं कानाला.

जुना ड्राफ्ट्समन: फाक मान्य. मग त्यात `b` कशाला? ते प्लेटच्या दुसऱ्या बाजूची वजावट म्हणून असेल.

तुळई: अर्धे बरोबर. सुटी फाक शेजारणीला ओळखत नाही, म्हणून निखळ फाक धरली तर `b` येतच नाही. पण खरी प्लेट आडव्या दिशेलाही वाकते आणि ते वाकणे या दिशेचा ताण थोडा कमी करते. 0.3 हे पोलादाचे पॉयसन गुणोत्तर. तुमच्या काळी ते 0.25 धरत, म्हणून `b²/4`.

एक हिशेब करून पाहू. खांब ISHB 300, म्हणजे 300 खोल आणि 250 रुंद. गुणित भार 1500 kN, काँक्रीट M20, दाबाची मर्यादा 0.45 fck म्हणजे 9 MPa. चारी बाजूंना 75 मिमी सोडले की प्लेट 450 × 400 आणि दाब 8.33 MPa. 20 मिमी व त्यापुढच्या E250 प्लेटला `fy` 240 धरायचा. सूत्राने जाडी 19.4 येते, 20 ची प्लेट चालते. `b` सोडून निखळ फाक धरली तर 23.2, म्हणजे बाजारातून 25 ची आणावी लागेल. ‘स्ट्रिप’ हा शब्द अक्षरशः घ्यायचा की नाही, याची किंमत 5 मिमी.

कोरा_कागद: IS 800 तर दाब 0.6 fck पर्यंत चालवते ना? मग 12 MPa धरा. 40-40 मिमी सोडले तरी भागते आणि जाडीही कमी.

तुळई: चालवते, आणि 0.45 हा आकडा IS 456 या काँक्रीटच्या संहितेकडून आलेला. कोणता घ्यावा यावर दोन मते आहेत, मी 0.45 वाला. पण तुमच्या 40 मिमीत बोल्ट कुठे बसवणार? 20 चा बोल्ट, 22 चे भोक, भोकापासून कडेपर्यंतचे अंतर, वर नटाला पाना फिरायला जागा. शिवाय कड शून्याकडे नेली की सूत्राची जाडीही शून्याकडे जाते. दोन फ्लँजांच्या मधली प्लेट तेव्हाही वाकतेच, ती या फाकेत दिसत नाही. म्हणून जाडी निदान फ्लँजपेक्षा जास्त ठेवा अशी अट आहे, ISHB 300 ला 10.6 मिमी. अमेरिकी पद्धतीत या मधल्या भागासाठी वेगळे माप काढतात, आणि फाकेचे मूळही खांबाच्या आत धरतात: 0.95 खोली आणि 0.8 रुंदीच्या रेषेवर. आपल्या हिशेबातल्या प्लेटला रुंदीच्या दिशेने 75 ऐवजी 100 ची फाक होईल.

जुना ड्राफ्ट्समन: मग ‘कडेचे मूळ’ नेमके कुठे, यावरच एकमत नाही म्हणा.

वर्कशॉपवाला: माझं ऐका. एका शेडला प्लेट जाड होती, हिशेब चोख, तरी कोपरा उचललेला. हातोडीनं ठोकलं तर पोकळ वाजली. खाली पॅकिंगचे तुकडे होते, ग्राउट कडेकडेनं नुसता थापलेला. काँक्रीट वर ढकलतंय म्हणता ना, तिथं ढकलायला काही नव्हतंच.

तुळई: नेमके. तिथे सगळा भार पॅकिंगच्या तुकड्यांवर आला. सारखा दाब ही फाकेच्या हिशेबाची पहिली अट, आणि ग्राउट पूर्ण भरला तरच ती पाळली जाते. खांबाला मोठा मोमेंट असेल तरी दाब सारखा राहत नाही, तिथेही हे सूत्र नको.

मृण्मयी: मी असे लिहिते: ‘खांबाबाहेर सोडलेल्या कडेची 1 मिमी रुंदीची फाक कल्पनेने कापा, ती उलट्या छज्जासारखी खालच्या दाबाने वर वाकते.’ कॅन्टिलिव्हर शब्द कंसाशिवाय तसाच ठेवते. फक्त संहितेतल्या ‘स्लॅब बेस’चे काय करू? मुले तिथे आरसीसी स्लॅब काढतील.

वर्कशॉपवाला: जाड प्लेट लिहा.

जुना ड्राफ्ट्समन: परीक्षेत ‘स्लॅब बेस’च विचारतात. दोन्ही लिहा.

वळचण: आणि सळई वर की खाली?