चर्चा : ‘आराम?’ या प्रश्नाला खरे उत्तर द्यावे का, आणि किती?

खानापूरकर : माझ्या आईला दोन वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे आणि मी रात्री जेमतेम तीन तास झोपतो. तरीही कुणी ‘आराम?’ विचारले की मी ‘आराम’ म्हणतो. गेल्या महिन्यात बसस्थानकावर एका परिचिताला सगळे खरे सांगून टाकले. त्याची बेळगावची गाडी लागली होती. तो अवघडला आणि मीही. खरे बोलणे चुकीचे होते का?

शहापूरची वहिनी : मुळीच नाही, दादा. मीसुद्धा सासऱ्यांच्या आजारपणात सगळ्यांना ‘छान चाललंय’ सांगत राहिले आणि ज्या दिवशी माणसांची गरज पडली, त्या दिवशी गल्लीत कुणालाच काही ठाऊक नव्हते. विचारणाऱ्याला खरे उत्तर मिळण्याचा हक्क आहे. ते ऐकवत नसेल, तर त्याने विचारू नये.

निवृत्त प्राध्यापक, टिळकवाडी : वहिनी, गरजेच्या वेळी कुणाला ठाऊक नसणे हे नुकसान खरेच आहे. मात्र हक्काची गोष्ट मला पटत नाही, कारण आपल्याकडच्या या प्रश्नाच्या रचनेतच त्याचे उत्तर बसलेले असते. मराठीत ‘आराम?’ आणि कन्नडमध्ये ‘आराम अदीरी?’ असे विचारले की ‘आराम’ हा शब्द विचारणाराच आपल्या हाती देतो आणि आपण तो परत करतो. ते खोटे बोलणे नसून नमस्काराला नमस्कार करणे आहे. संभाषणाचे अभ्यासक हार्वे सॅक्स यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवले, की ‘बरे नाही’ असे उत्तर आले की समोरच्याला ‘का, काय झाले?’ विचारणे भाग पडते. म्हणून कारण ज्याला सांगता येणार नाही, त्याला आपण आधीच ‘बरे आहे’ सांगून मोकळे होतो. बसस्थानकावर नेमके हेच बिनसले : कारण ऐकायला त्या माणसापाशी वेळच नव्हता.

याच क्षेत्रातल्या गेल जेफरसन यांचे एक निरीक्षण इथे उपयोगी आहे. अडचणीतला माणूस पुष्कळदा किंचित उतरलेले उत्तर देतो आणि त्यातून पुढे काही असल्याची चाहूल लागते. आपले ‘चाललंय’ तेच काम करते. खानापूरकरांनी ‘चाललंय, आई रात्री झोपत नाही, त्यामुळे माझीही झोप होत नाही’ एवढे एकच वाक्य बोलून थांबावे. ‘कधीपासून?’ असा प्रश्न आला, तर आणखी थोडे सांगावे. ‘होईल सगळं नीट’ असे उत्तर आले किंवा समोरच्याने स्वतःच्या मावशीची कथा सुरू केली, तर ‘बरं, तुमचं सांगा’ म्हणून आपणच विषय मिटवावा. आणि त्या वाक्यात स्वतःची झोप सांगावी. आई रस्ता चुकली किंवा तिचे कपडे खराब झाले, हे तिचे आहे. ती आज संमती देऊ शकत नाही, म्हणून तेवढी राखण आपल्याकडे येते.

संकेश्वरचा शेतकरी : माझा अनुभव सांगतो. डॉक्टरांनी ‘काय, कसं हाय?’ विचारले आणि मी सवयीने ‘बरं हाय’ म्हणालो. चक्कर येत होती, ते राहूनच गेले आणि तीच गोळी महिनाभर चालू राहिली. म्हणून मी म्हणतो, काहीही लपवू नये.

निवृत्त प्राध्यापक, टिळकवाडी : अण्णा, तपासणीच्या खोलीत तोच प्रश्न नमस्कार राहत नाही, तो तपासणीचा भाग होतो. तिथे चक्कर सांगायलाच हवी. खानापूरकर मात्र रस्त्यावरच्या प्रश्नाबद्दल विचारत आहेत.

निपाणीची लेक : सर, तुमची पारख माझ्या वडिलांवर अन्याय करते. ते दुसरा प्रश्न कधीच विचारत नाहीत. एकदा ‘आराम?’ म्हणतात, उत्तर ऐकून मान हलवतात आणि संध्याकाळी डबा घेऊन दारात उभे राहतात. गोड आवाजात चार प्रश्न विचारणाऱ्या शेजारणीने मात्र माझ्या बहिणीचे आजारपण तिच्या स्थळाकडच्या लोकांपर्यंत पोहोचवले. दुसऱ्या प्रश्नावरून फार तर कुतूहल कळते, भरवसा कळत नाही.

निवृत्त प्राध्यापक, टिळकवाडी : हा आक्षेप मला मान्य आहे. दुसऱ्या प्रश्नावरून समोरच्याला आत्ता सवड आहे एवढेच समजते. बातमी त्याच्यापाशी राहील की नाही, हे आधीच्या अनुभवाशिवाय कळत नाही. अबोल माणूस कसा ओळखावा, याचे नेमके उत्तर माझ्याकडे नाही.

शहापूरची वहिनी : मला अजूनही वाटते, की इतके मोजून बोलावे लागत असेल, तर ती ओळख कसली?

खानापूरकर : वहिनी, मोजले नाही म्हणूनच मी त्या दिवशी आईबद्दल जास्त बोलून बसलो. काल कार्यालयातल्या एका सहकाऱ्याला सरांनी सुचवलेले ते एकच वाक्य सांगितले. त्याने काहीही विचारले नाही, पण जाताना म्हणाला, ‘शनिवारी रात्री मी येऊन बसतो, तुम्ही झोपा.’ आईला अनोळखी माणूस चालेल का, हे मला ठाऊक नाही. म्हणून त्याला आधी दुपारच्या चहाला बोलावले आहे.