अनुभव धागा: आउटेजचा रुक्ष अहवाल साध्या माणसाला कळेल असा कसा लिहिलात?

धागाकर्ती (मुक्ता): सर्व्हर कोसळला की इंजिनिअर पोस्टमॉर्टेम लिहितात. त्यावरून ग्राहकांसाठी चार परिच्छेद लिहायचं काम माझ्याकडे येतं. तुम्ही हे कसं केलंत? नमुन्यासकट सांगा.

जुना_डीबीए: नवीन माणसाला मी गिटलॅबचं, म्हणजे प्रोग्रॅमर आपला कोड जिथे ठेवतात त्या साइटचं, प्रकरण देतो. ३१ जानेवारी २०१७. मुख्य डेटाबेसची नक्कल ठेवणारा दुय्यम डेटाबेस मागे पडला होता, म्हणून त्याचं फोल्डर रिकामं करून प्रत नव्याने घ्यायची होती. इंजिनिअरने पुसण्याची आज्ञा दिली ती मुख्य सर्व्हरवर. एकदोन सेकंदांत चूक कळली, पण ३०० जीबीतले साडेचारच उरले होते.

त्यांच्या अहवालातल्या एका मुद्द्याचा रुक्ष अवतार असा होईल: 'आवृत्ती-विसंगतीमुळे पीजी_डंप अयशस्वी, डीमार्कमुळे सूचना-ईमेल नाकारले गेले.' मी लिहायला सांगतो ते असं: 'रोजची प्रत काढणारं आमचं काम बंद पडलं होतं. "जमलं नाही" असं कळवणारी ईमेल निघत होती, पण आमचीच मेलव्यवस्था ती बनावट समजून परतवून लावत होती. ईमेल येत नाही म्हणजे सगळं ठीक, असं आम्ही धरून चाललो. प्रती ठेवायची जागा उघडली तेव्हा ती रिकामी निघाली.'

यातून वाचकाने काय करायचं, तेही तिथेच एका ओळीत लिहायचं: 'बॅकअप झाला' या संदेशावर भरवसा नको, महिन्यातून एकदा त्या प्रतीतली एखादी फाईल दुसऱ्या यंत्रावर उघडून बघा.

सुहास_पुणे: सोपं आहे. कुणाचंही नाव टाकायचं नाही, 'मानवी चूक' लिहायचं आणि मनापासून माफी मागायची. विनम्र पोस्ट तयार.

जुना_डीबीए: नावाचं बरोबर. त्यांनीही 'टीम-मेंबर-१' असंच लिहिलं होतं. पण 'मानवी चूक' म्हटलं की वाचकाच्या हाती काही लागत नाही. रात्री उशिरा, दमलेल्या माणसासमोर सारख्याच दिसणाऱ्या दोन खिडक्या होत्या, हे लिहा. मग कोणता सर्व्हर ते ठळक दिसावं म्हणून त्यांनी प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करतो त्या ओळीच्या सुरुवातीचा मजकूर, बदलायचं ठरवलं, ते का हेही समजतं. घरातही मूळ आणि प्रत, दोन्ही हार्डडिस्क एकसारख्या काळ्या असतील तर एकीवर लाल पट्टी चिकटवा.

शैला_काकू: मी निवृत्त शिक्षिका. असली पत्रं मला बँकेकडून येतात. पहिला परिच्छेद नेहमी 'आपल्या सेवेस कटिबद्ध' वगैरे. अहो, माझं काही गेलं का, ते आधी सांगा ना! वर जे गिटलॅब लिहिलंय, तिथे लोकांचं काय गेलं?

जुना_डीबीए: काकू, लोकांनी ठेवलेला कोड शाबूत राहिला. सुमारे सहा तासांतल्या नोंदी मात्र गेल्या: अंदाजे ५,००० प्रकल्प, ५,००० प्रतिक्रिया आणि ७०० नवी खाती. एवढ्यावर निभावलं, कारण त्याच इंजिनिअरने अपघाताच्या सहाएक तास आधी वेगळ्याच कामासाठी हाताने एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या डेटाची प्रत, घेतला होता. नाहीतर नेमाने घेतलेला स्नॅपशॉट जवळजवळ एक दिवस जुना होता. नम्र पोस्टमध्ये हा नशिबाचा भाग लपवू नये. 'आमच्या सक्षम यंत्रणेमुळे डेटा परत मिळवला' असं छापून येतं ना, तिथेच मी लाल पेन काढतो.

रानवारा: आमच्याकडे आउटेज आठवड्यातून दोनदा. डीपीवरचा फ्यूज उडतो, वायरमन फोन उचलत नाही. अहवाल कसला आलाय!

मुक्ता: रानवारा, धागा वेगळ्या आउटेजचा आहे 🙂 पण 'लाईट कधी येणार' याचं खरं उत्तर ग्राहकालाही हवंच असतं.

डॉ_दात: माझं क्लिनिक आहे, संगणकातलं फार कळत नाही. वरचं वाचून काल बॅकअपची डिस्क उघडायला लावली. फोल्डर रोजच्या तारखेचे आहेत, आत एक्स-रे नाहीत. सॉफ्टवेअर बसवणारा म्हणतो, चित्रांचा मार्ग वेगळा असतो, तो निवडावा लागतो. दोन वर्षांपूर्वी कोणीच बोललं नाही. हे इथे बसतं का माहीत नाही.

मुक्ता: अगदी बसतं. पण जुना_डीबीए, माझं एक अडतं. गिटलॅबने तर दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली आणि कामाच्या नोंदीही सर्वांसाठी खुल्या ठेवल्या. आमचे वकील म्हणतात, कारण कळेपर्यंत एक अक्षर नको.

जुना_डीबीए: त्यांचे वापरकर्ते बहुतेक प्रोग्रॅमर होते, त्यांना ते बघायला आवडलं. काकूंच्या बँकेने तसं केलं तर लोक शाखेपुढे रांग लावतील. मी पहिल्या तासात फक्त काय बंद आहे, काय चालू आहे आणि पुढची माहिती किती वाजता देणार एवढंच लिहितो. कारण नंतर.

सुहास_पुणे: आणि ती वेळ चुकली तर?

जुना_डीबीए: तर त्या वेळेला 'अजून झालेलं नाही' हे तरी लिहायचं.

शैला_काकू: मला ते चालेल. पण रात्री दोनला एसेमेस नको हं.