मदत हवी आहे: स्नेअरवर गेट लावलंय, तरी ऐंशीच्या दशकातला आवाज येत नाही

स्नेअरवेडा: गाणं शनिवारी द्यायचंय, म्हणून घाईत विचारतोय. फिल कॉलिन्सच्या 'इन द एअर टुनाइट'मध्ये जसा ड्रम एकदम अंगावर येतो आणि कापल्यासारखा थांबतो, तसा आवाज हवाय. स्नेअरच्या ट्रॅकवर रिव्हर्ब टाकला, त्यावर गेट लावलं. आवाज पत्र्यासारखा येतोय आणि गेट मधेच फडफडतं. सेटिंग सांगा प्लीज.

कोकणी_बास: खोली केवढी? माइक किती आणि कुठे? गाण्याचा वेग काय? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

जुनाटेप: एवढी चौकशी कशाला? तो सगळा त्या काळच्या डिजिटल रिव्हर्ब मशीनचा आवाज आहे. एएमएसच्या आरएमएक्स १६ मध्ये 'नॉनलिन' नावाचा प्रोग्रॅम होता. त्याचं प्लगइन घ्या, काम झालं.

फेडर_मावशी: जुनाटेप, नंतरच्या बऱ्याच रेकॉर्डसाठी तुमचं बरोबर आहे. पण सुरुवात त्या मशीनच्या आधीची आहे. १९७९ मध्ये लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत पीटर गॅब्रिएलच्या तिसऱ्या अल्बमचं काम चालू होतं. निर्माता स्टीव्ह लिलीव्हाइट, इंजिनिअर ह्यू पॅडगम, ड्रमवर कॉलिन्स. तिथल्या एसएसएल कन्सोलला वादकांचं बोलणं ऐकण्यासाठी एक लिसन माइक होता. कोणी कुजबुजलं तरी ऐकू यावं म्हणून त्यावर अतिशय कडक कंप्रेसर होता. तो माइक चालू असताना कॉलिन्स वाजवू लागला आणि दगडी भिंतींच्या त्या खोलीचा अख्खा घुमारा पुढे आला. तो रेकॉर्ड करता यावा म्हणून पॅडगमने कन्सोलचं वायरिंग बदलून घेतलं आणि पुढे गेट लावलं. म्हणजे तिथे रिव्हर्ब खोलीचाच होता.

ढोलवाला_पुणे: आमच्या पथकाचं रेकॉर्डिंग मोबाइलवर नेहमी फाटतं. त्यालाही हेच गेट चालेल का?

फेडर_मावशी: नाही हो. तुमचं फाटणं माइकपाशीच होतंय, गेट त्यानंतर येतं. मोबाइल लांब धरा. बाकीसाठी वेगळा धागा काढाल का?

स्नेअरवेडा: खोली १० बाय १२, छत ९ फूट, चारही भिंतींना फोम. स्नेअरला एक माइक, किकला एक, वर दोन. वेग १००.

कोकणी_बास: फोम! तिथेच घुमारा गेला. पातळ फोम वरचे सूर खातो आणि खालची घुमघुम तशीच ठेवतो. मी आमच्या इमारतीच्या जिन्यात माइक ठेवतो. लेड झेपेलिनच्या बॉनहॅमचा ड्रमसुद्धा १९७१ च्या अल्बमसाठी हेडली ग्रेंजच्या जिन्याखाली वाजवून, वर टांगलेल्या माइकांनी घेतला होता.

जुनाटेप: तो सत्तरचा आवाज. त्यात शेपूट कापलेलं नाही.

फेडर_मावशी: खरंय, पण खोली वापरायची कल्पना तीच. स्नेअरवेडा, तुमची फडफड का होते ते सांगते. कंप्रेसरने ठोका आणि त्यामागचा घुमारा जवळपास एकाच पातळीवर आणला, की कधी उघडायचं हे गेटला कळत नाही. थ्रेशोल्ड कुठेही ठेवा, ते अडखळणारच. म्हणून खोलीच्या माइकवर आधी कंप्रेसर, नंतर गेट लावा, पण गेट उघडण्याचा इशारा स्नेअरजवळच्या माइककडून द्या. तिथे ठोका स्पष्ट असतो.

वेग १०० असेल तर एक ठोका ६०० मिलिसेकंदांचा, त्याचा अर्धा ३००. होल्ड २५० च्या आसपास आणि रिलीज ३० ते ५० ठेवा, म्हणजे पुढच्या अर्ध्या ठोक्याआधी दार बंद. होल्ड फार कमी केलात, तर तोच पत्र्यासारखा आवाज येईल.

दुसरं म्हणजे झांजा. गेट उघडलं की त्याही आत घुसतात आणि कंप्रेसर त्यांना फुगवतो. गॅब्रिएलने त्या अल्बममध्ये त्या वाजवूच दिल्या नव्हत्या. तुम्ही त्या वेगळ्या टेकमध्ये घ्या.

स्नेअरवेडा: हाय-हॅट स्नेअरच्या माइकमध्येही येतो. मग त्यानेच गेट उघडणार नाही का?

फेडर_मावशी: उघडेल. इशाऱ्याच्या सिग्नलमधले वरचे सूर कापा, फक्त गेटला जाणाऱ्या वाटेवर. हलके स्नेअर ठोके असतील, तर ते मात्र गेट सोडून देईल. ते हवे असतील तर हा आवाज त्या गाण्याला नको.

स्नेअरवेडा: दोन भिंतींवरचा फोम काढला, एक माइक दाराबाहेर पॅसेजमध्ये ठेवला. फडफड गेली! आवाज मोठा झालाय, पण अजून डब्यातल्यासारखा.

कोकणी_बास: ९ फुटी छत आहे. वरचा परतावा लगेच येतो, मोठी खोली भासणार कशी? जिना.

जुनाटेप: किंवा प्लगइन. शनिवार जवळ आलाय.

फेडर_मावशी: पॅसेजचा माइक दारापासून किती लांब आहे? आणि त्याचं तोंड ड्रमकडे आहे की समोरच्या भिंतीकडे? भिंतीकडे वळवून एक टेक घ्या, मग बोलू.