शब्दचर्चा : अहवालातले ‘ब्राउझ’ म्हणजे नेमके काय?

शिवणवेडी (कोथरूड)
यूट्यूब स्टुडिओच्या अहवालात ‘ब्राउझ फीचर्स’ असा एक रकाना असतो. ज्यांनी ब्राउझर उघडून व्हिडिओ शोधला त्यांची ही संख्या आहे, असे मी समजत होते. परंतु शोधून आलेल्यांसाठी ‘सर्च’ हा वेगळा रकाना आहेच. मग ब्राउझचा अर्थ काय घ्यावा? शिवलेल्या नऊवारीच्या कटिंगवरील माझ्या अकरा मिनिटांच्या व्हिडिओला गेल्या २८ दिवसांत ४,२०० व्ह्यूज मिळाले. त्यांपैकी सर्च ५५ टक्के, एक्स्टर्नल २५, ब्राउझ १०, सजेस्टेड ६ आणि उरलेले किरकोळ आहेत.

पेठकर
ब्राउझरशी त्याचा संबंध नाही. यूट्यूब उघडल्यावर पहिल्या पानावर जे समोर येते, किंवा सबस्क्रिप्शनच्या यादीत दिसते, तिथून आलेले प्रेक्षक म्हणजे ब्राउझ. एक्स्टर्नल म्हणजे बाहेरून आलेले, अर्थात ज्यांना आपण व्हॉट्सॲपवर दुवा पाठवला ते लोक. तो आकडा आपल्या ओळखीपाळखीचा असतो, तेव्हा तो सोडून द्यावा.

आकडेमोड
पेठकरांचे ब्राउझविषयीचे म्हणणे बरोबर आहे, एक्स्टर्नलविषयीचे मात्र अर्धेच. गूगलवर शोधून यूट्यूबवर आलेला प्रेक्षक सर्चमध्ये मोजला जात नाही. सर्चमध्ये केवळ यूट्यूबच्या आतला शोध येतो आणि गूगलवरून आलेले एक्स्टर्नलमध्ये जातात. ताई, आपण एक्स्टर्नलवर टिचकी मारून आतली यादी पाहावी आणि प्रत्येक नावासमोरचा सरासरी पाहण्याचा वेळही इथे लिहावा.

शिवणवेडी
पाहिले. व्हॉट्सॲपवरून साधारण ७०० आणि गूगल सर्चवरून ३०० व्ह्यूज आहेत. व्हॉट्सॲपवाल्यांचा सरासरी वेळ ४० सेकंद आहे, गूगलवाल्यांचा साडेचार मिनिटे. यूट्यूब सर्चचाही जवळजवळ तेवढाच आहे. व्हॉट्सॲपचे बहुतेक आमच्या सोसायटीचा आणि भिशीचा गट असणार.

आकडेमोड
म्हणजे एकाच रकान्यात दोन अगदी निराळे प्रेक्षक बसले आहेत. गूगलवरून आलेली बाई कापड पुढ्यात घेऊन बसलेली आहे, त्यामुळे धोरण ठरवताना ते ३०० सर्चमध्येच धरावेत. भिशीच्या मैत्रिणी प्रेमापोटी दुवा उघडतात आणि काष्ट्याचे माप येण्याआधीच निघून जातात. त्यांच्यामुळे पूर्ण व्हिडिओचा सरासरी वेळ खाली दिसतो, म्हणून तो आकडा पाहून व्हिडिओ कंटाळवाणा झाला असे मानू नये.

आता सर्चवर टिचकी मारली की लोकांनी टाइप केलेले शब्द दिसतील. आपल्या व्हिडिओत ज्याचे उत्तर नाही असा शब्द त्यात वारंवार येत असेल, तर पुढच्या व्हिडिओचा विषय तिथेच मिळाला.

टाळकरी (हडपसर)
आमच्या भजनी मंडळाच्या चॅनेलवर सजेस्टेड ६० टक्के आहे. म्हणजे यूट्यूब स्वतःहून आम्हाला पुढे करते आहे, असेच ना?

आकडेमोड
काका, सजेस्टेड उघडून कोणत्या व्हिडिओंवरून प्रेक्षक आले ते आधी पाहा.

टाळकरी
सगळे आमचेच व्हिडिओ आहेत. प्रत्येकाखालच्या माहितीत आम्ही बाकीच्या भजनांचे दुवे देतो.

आकडेमोड
माहितीत दिलेल्या दुव्यांवरून आलेले व्ह्यूजदेखील सजेस्टेडमध्येच मोजले जातात. शेजारी सुचवलेल्या व्हिडिओंवरून किती आले आणि आपल्या दुव्यांवरून किती, हे त्या यादीवरून कळत नाही, कारण तिथे मूळ व्हिडिओचे नाव तेवढे असते. दुसऱ्या मंडळांची नावे यादीत दिसू लागली, तर मात्र यूट्यूबने आपल्याला परक्या श्रोत्यांसमोर ठेवले असे म्हणता येईल. तोवर हा आपल्याच श्रोत्यांचा एका भजनावरून दुसऱ्या भजनाकडे होणारा प्रवास आहे. तोही वाईट नव्हेच, पण त्यातून नवा श्रोता येत नाही.

शिवणवेडी
माझे ब्राउझ १० टक्केच आहे, ते वाढवायचे तर शीर्षक बदलावे का? सध्या ‘शिवलेली नऊवारी कटिंग, ४० साइज’ असे सरळसोट आहे.

पेठकर
बदलावेच. पहिल्या पानावरचा प्रेक्षक काही विचारायला आलेला नसतो; त्याला थांबवायचे तर शीर्षकात आणि थंबनेलमध्ये कुतूहल हवे.

आकडेमोड
कारण पटते, पण उपाय पटत नाही. जे शब्द शोधून लोक येतात तेच शीर्षकातून काढले, तर चालू असलेला निम्म्याहून अधिक ओघ धोक्यात येईल. हा व्हिडिओ आहे तसा ठेवून ब्राउझसाठी वेगळा करावा, उदाहरणार्थ आजीच्या जुन्या लुगड्याची नऊवारी. त्याचा क्लिकचा टक्का सर्चवाल्या व्हिडिओपेक्षा कमी दिसला तरी घाबरू नये. पहिल्या पानावर तो न मागताच अनेकांसमोर जातो. शिवाय व्हॉट्सॲपसारख्या बाहेरच्या ठिकाणी दिसलेले थंबनेल इम्प्रेशनमध्ये, म्हणजे थंबनेल किती वेळा समोर आले या मोजणीत, धरलेच जात नाही, त्यामुळे एकूण व्ह्यूजना इम्प्रेशनने भागून टक्का काढू नये.

पेठकर
निदान थंबनेल तरी बदलून पाहायला काय हरकत आहे? त्याने शोधाचे शब्द कुठे हलतात?

आकडेमोड
शब्द हलत नाहीत, हे खरे. पण शोधाच्या यादीतही थंबनेल दिसतेच, आणि तिथे लोक ४० साइजचा कागदी ड्राफ्ट पाहून क्लिक करत असतील तर? बदलायचेच असेल तर शीर्षकाला हात न लावता फक्त थंबनेल बदलावे, आणि नंतर सर्च व ब्राउझ यांचे आकडे वेगवेगळे काढून आधीच्या २८ दिवसांशी ताडावेत.

शिवणवेडी
लग्नसराईचे दिवस असल्याने आधीचे २८ दिवस तुलनेला योग्य ठरतील का, याची शंका वाटते. तूर्त थंबनेल तसेच ठेवते आणि लुगड्याचा व्हिडिओ आधी करते.