प्रतिसाद: दोन पासनंतरचा अ‍ॅरे

> 29, 10, 14, 37, 13 चढत्या क्रमाने लावताना दोन पासनंतर बबल आणि इन्सर्शनचं उत्तर वेगळं का येतं?

बबलमध्ये पहिल्या पासनंतर 10, 14, 29, 13, 37 आणि दुसऱ्यानंतर 10, 14, 13, 29, 37. शेवटचे दोन आकडे कायमचे जागेवर बसले. 13 मात्र दर पासला एकच घर डावीकडे सरकतो. बहुपर्यायी प्रश्नात तो थेट पुढे आलेला दिसला तर तो पर्याय चूक.

इन्सर्शनमध्ये आधी 10 घातला, मग 14: 10, 14, 29, 37, 13. डावीकडचे तीन फक्त आपसांत लागलेत, अंतिम जागी असतीलच असं नाही. 13 अजून यायचाय. उजवीकडचे 37, 13 मूळ जागीच हवेत, बरेच पर्याय गाळायला ही खूण कामी येते, पण एकटी पुरत नाही. पहिला पास दुसऱ्या घटकापासून मोजा. एकट्या 29 लाच पास धरलात तर 10, 29, 14, 37, 13 वर थांबाल, आणि पर्यायांत बहुधा तेही असतं.