पासवर्ड बरोबर, लॅपटॉप तोच. रात्री अडवलं आणि सकाळी मुकाट्याने आत घेतलं, असं का? (मदत हवी आहे)

वाळवंटीकाठ

नमस्कार मंडळी. मी साखळीची. शाळेतून निवृत्त झाले, आता आमच्या भजनी मंडळाचा जमाखर्च बघते. वर्गणीची सगळी यादी माझ्या ईमेलच्या खात्यात आहे, म्हणून जीव टांगणीला लागला होता.

चवथीच्या आधीच्या आठवड्यात पावसाने घरचं फायबर गेलं. त्याच दिवशी भाचा आला होता, त्याने लॅपटॉप संथ झालाय म्हणून "सगळा कचरा साफ" केला. रात्री पावणेबाराला मी फोनचं हॉटस्पॉट लावून खातं उघडायला बसले. झोपेत दोनदा पासवर्ड चुकला, तिसऱ्यांदा बरोबर पडला. तरी पानावर आलं की हे तुम्हीच आहात याची खात्री करा, आणि कोड पाठवला माझ्या जुन्या नंबरावर. तो नंबर बंद होऊन वर्ष झालं. झालं, अडकले. वर दुसऱ्या पत्त्यावर सूचना आली की मुंबईहून कुणीतरी लॉगिन करतंय! मी साखळीत, घरात पंखा लावून बसलेली.

सकाळी फायबर आलं. तोच लॅपटॉप, तोच पासवर्ड, एकही प्रश्न न विचारता आत. आता जुना नंबर काढून नवा घातलाय, म्हणजे घाई नाही. पण रात्री मी चोर होते आणि सकाळी सावकार, हे कसं काय? कुणी माणूस बसून ठरवतो का?

म्हापशेकर

ताई, सोपं आहे. लॅपटॉपचं लोकेशन चालू असेल. त्यांना जीपीएसवरून कळतं तुम्ही कुठे आहात. लोकेशन बंद करा, परत विचारणार नाहीत. आणि रात्री कशाला बसता हिशेबाला?

सुशेगाद_बाबा

मला पण हाच त्रास. बँकेचा ओटीपी येत नाही. मडगावात टॉवरची रेंज नाही म्हणतात. दोन अर्ज दिले. कुठे तक्रार करायची?

वाळवंटीकाठ

@सुशेगाद_बाबा, बाबा, तुमचा कोड येतच नाही. माझा आला, पण मेलेल्या नंबरावर. आणि मुळात मागितला का, हा माझा प्रश्न आहे.

@म्हापशेकर, लोकेशन चालू असतं तर मुंबई कशी दाखवली असती?

पर्वरीचा_पहारेकरी

माई, तुमच्या दुसऱ्या ओळीतच म्हापशेकरांच्या मुद्द्याचं उत्तर आहे. मी एका ऑनलाइन दुकानाच्या फसवणूक रोखणाऱ्या गटात काम करतो, पर्वरीत घरी बसून. तुमच्या सेवेची आतली सूत्रं मला माहीत नाहीत, पण धाटणी सगळीकडे बरीचशी सारखी असते.

ब्राउझर तुम्हाला विचारल्याशिवाय जीपीएस देत नाही. त्यांना दिसतो तो आयपी पत्ता, आणि तो कुठल्या गावचा हे एका खरेदी केलेल्या यादीवरून ताडलेलं असतं. मोबाइल नेटवर तुमचं सगळं जाणं-येणं कंपनीच्या एखाद्या मोठ्या शहरातल्या दारातून बाहेर पडतं, आणि त्या एका पत्त्यामागे एकाच वेळी पुष्कळ गिऱ्हाइकं असतात. म्हणून साखळीची बाई मुंबईची दिसते. ती सूचना खोटी नव्हती, फक्त गाव चुकीचं होतं.

आता माणूस बसतो का? नाही. प्रत्येक लॉगिनला एक आकडा मिळतो. तो एका मर्यादेच्या खाली असला तर आत, वर गेला तर आणखी एक पुरावा मागायचा, फारच वर गेला तर दार बंद. २०१६ साली लिंक्डइनच्या काही लोकांनी आणि युरोपातल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी मिळून हा आकडा काढायची एक रीत मांडली होती, तीच मला समजवायला सगळ्यात सोपी वाटते. प्रत्येक खुणेबद्दल दोन प्रश्न विचारायचे: ही खूण सगळ्या गर्दीत किती वेळा दिसते? आणि याच माणसाच्या जुन्या लॉगिनांत किती वेळा दिसते? पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. मग सगळ्या खुणांची उत्तरं एकमेकांशी गुणायची.

तुमची रात्र मांडून बघू. आकडे माझ्या मनचे आहेत, रीत कळावी म्हणून.

मोबाइल नेट: गर्दीत दहातल्या एका लॉगिनला असतं, तुमच्याकडे पन्नासातून एकदा. उत्तर ५. वेळ पावणेबाराची: गर्दीत पंचवीसातून एकदा, तुमच्याकडे शंभरातून एकदा. उत्तर ४. तुमच्या लॅपटॉपवर त्या साइटने ठेवलेली ओळखीची चिठ्ठी, म्हणजे कुकी, भाच्याने पुसली. चिठ्ठीशिवाय येणारे गर्दीत चारातून एक, तुम्ही पन्नासातून एकदा. उत्तर साडेबारा. ब्राउझर आणि विंडोज मात्र नेहमीचेच: गर्दीत पाचातून एक, तुमच्याकडे जवळजवळ दर वेळी. उत्तर एक पंचमांश. सगळं गुणा: ५ गुणिले ४ गुणिले साडेबारा, म्हणजे २५०. भागिले ५, म्हणजे ५०. मर्यादा समजा २०. अडकलात.

सकाळी बघा. चिठ्ठी नव्हतीच, म्हणून साडेबारा तसाच. ब्राउझरचा एक पंचमांशही तसाच. वेळ नेहमीची, तिचं १ धरा. इथवर अडीच. पण आता घरचं फायबर! तुमच्याकडची ती छोटी स्थानिक कंपनी जगाच्या गर्दीत दहा हजारांत एकदा दिसत असेल, तुमच्याकडे दहातून नऊ वेळा. उत्तर एक नऊ हजारांश. अडीचाला नऊ हजाराने भागा, काय उरतं? म्हणून एक शब्दही न विचारता आत.

गंमत इथे आहे. जी गोष्ट जगात दुर्मीळ आणि तुमच्याकडे रोजची, तीच तुमची सगळ्यात भक्कम ओळख. जुनाट लॅपटॉप आणि गल्लीतलं फायबर हे या हिशेबात नव्या फोनपेक्षा मौल्यवान.

म्हापशेकर

बरं, जीपीएसचं मागे घेतो. पण दोनदा पासवर्ड चुकला त्याचं काय? माझ्या मते तेच मुख्य कारण. आणि हे लोक टाइप करायची लयसुद्धा मोजतात, मी वाचलंय.

पर्वरीचा_पहारेकरी

चुकीचा पासवर्ड मोजतात, पण एका माणसाच्या दोन चुका म्हणजे रोजचंच. खरी धास्ती वेगळी असते: एकाच पत्त्यावरून शेकडो वेगवेगळी खाती, प्रत्येकावर एक-दोन प्रयत्न. कुठून तरी फुटलेल्या पासवर्डांची यादी घेऊन यंत्र दार ठोठावत असतं. इथे माईंचं नशीब थोडं खोटं असू शकतं, कारण मोबाइलच्या त्याच पत्त्यामागून त्या रात्री दुसरा कुणी असले धंदे करत असेल तर त्याचा डाग सगळ्यांना लागतो. माझ्या हिशेबात तो मी धरलेलाच नाही.

टायपिंगची लय काही ठिकाणी मोजतात, खरं आहे. पण पासवर्ड म्हणजे दहा-बारा अक्षरं, त्यावरून फार बोलता येत नाही. पासवर्ड चिकटवला की टाइप केला, पान उघडल्यावर किती सेकंदांत बटण दाबलं, एवढंच बहुधा उपयोगी पडतं.

कुंकळ्येची_सुनीती

मी आकडेशास्त्र शिकवते, म्हणून एक खटकलं. तुम्ही सरळ गुणाकार करताय. गुणाकार तेव्हाच चालतो जेव्हा खुणा एकमेकांवर अवलंबून नसतात. रात्री उशिरा आणि मोबाइल नेट या दोन गोष्टी माईंच्या घरी एकाच कारणाने आल्या: फायबर गेलं म्हणून काम रात्रीपर्यंत लांबलं. एकाच कारणाचा दंड दोनदा वसूल केलात. आणि जी खूण त्या माणसाकडे कधीच दिसली नाही तिथे भाजक शून्य होईल, मग उत्तर अनंत?

पर्वरीचा_पहारेकरी

दोन्ही बरोबर, मॅडम. शून्याचं सोपं आहे: कधीच न दिसलेल्यालाही थोडासा वाटा राखून ठेवतात, नाहीतर दर नव्या फोनवाल्याला बाहेर काढावं लागेल. गुणाकाराचं मात्र दुखणं खरं आहे. नीट करायचं तर कुठल्या खुणा जोडीने येतात ते शिकावं लागतं, आणि एका माणसाचे लॉगिन तेवढे नसतात. माईंचे वर्षाला दोनशे असतील, त्यातून काय शिकणार?

दुसऱ्या बाजूचाही एक धोका आहे. घरच्या फायबरला एक नऊ हजारांश दिलं तर तुमच्याच वायफायवर बसलेला भाडेकरू काहीही करू शकेल. म्हणून एका खुणेने किती दिलासा द्यायचा याला वेसण घालावी लागते. ती कुठे घालायची यावर आमच्याकडे दर महिन्याला भांडण होतं.

वाळवंटीकाठ

हे वाचून मी प्रयोग केला, रागावू नका.

पहिल्या रात्री हॉटस्पॉट, पण चिठ्ठी जागेवर. काही विचारलं नाही. दुसऱ्या रात्री घरचं फायबर आणि ब्राउझरची खासगी खिडकी, म्हणजे चिठ्ठी नाही. काही विचारलं नाही. तिसऱ्या रात्री हॉटस्पॉट आणि खासगी खिडकी दोन्ही. विचारलं! नव्या नंबरावर कोड आला, मी घातला, आत गेले. सूचनेत पुन्हा मुंबई. तुमचा हिशेब तंतोतंत.

पण चौथ्या रात्री, खात्री करावी म्हणून, परत हॉटस्पॉट आणि खासगी खिडकी. अक्षरही विचारलं नाही. आता?

पर्वरीचा_पहारेकरी

माई, मोजता मोजता तुम्ही मापच बदललंत. कोड बरोबर घातलात की ते लॉगिन तुमचंच म्हणून इतिहासात जमा होतं. चौथीच्या आधीच्या तीन रात्रींत दोनदा मोबाइल नेट, तेही उशिरा. पन्नासातून एकदा होतं ते समजा दहातून एकदा झालं, तर ५ चा १ होतो. बाकी तेच ठेवलं तरी ५० चे १० होतात, २० च्या खाली.

कुंकळ्येची_सुनीती

किंवा मध्ये नंबर ताजा झाला, म्हणून सगळ्या खात्यावरचाच संशय कमी झाला असेल. किंवा त्या रात्री तुमचा मोबाइलचा पत्ता स्वच्छ होता. या चार रात्रींवरून तिघांत निवड करता येत नाही.

पर्वरीचा_पहारेकरी

येत नाही, मान्य. माई, तूर्त एवढंच करा: कोडसाठीचा दुसरा मार्ग म्हणून कागदावर छापायचे राखीव कोड सेवेत मिळत असतील तर काढून ठेवा, आणि भाच्याला सफाई करताना त्या साइटची चिठ्ठी सोडायला सांगा. प्रयोग आठवडाभर थांबवा.

वाळवंटीकाठ

राखीव कोड काढले, वर्गणीच्या वहीत ठेवले. भाचा म्हणतो पाचवी रात्र त्याच्या पेडण्याच्या घरून करू, तिथे तिसऱ्याच कंपनीचं नेट आहे. थांबवू का त्याला?

सुशेगाद_बाबा

म्हणजे माझ्या ओटीपीचं कुणी सांगणारच नाही?