वाळूवरची प्लेट लोड टेस्ट: 36 टन धरायचे की 18?

साइटवरचा: बडोद्याच्या पश्चिमेला, महीच्या बाजूला प्लॉट आहे. मे महिन्यात 30 सेमी प्लेटवर टेस्ट झाली. चौरस मीटरला 15 टनांवर प्लेट 6.5 मिमी खचली, 20 वर 9.4, 36 वर 25 मिमी. आम्हाला 25 मिमीपर्यंत सेटलमेंट चालतं, मग 36 टन का धरू नयेत? 2 मीटरचं फूटिंग आहे. डिझाइनवाले नुसते फूटिंग फुगवतात आणि काँक्रीटचा खर्च मालकाच्या डोक्यावर.

कलाभवन: हे वाचून गप्प बसवेना. 36 टनांना 25 मिमी खचली ती प्लेट. तेवढ्याच दाबाखाली 2 मीटरचं फूटिंग साधारण 75 मिमी खचेल. प्लेटचा दाब जेमतेम 60 सेमी खोल जाणवतो, फूटिंगचा 4 मीटरपर्यंत. वाळूसाठी हे सूत्र:

```
Sf = Sp × [ B(Bp + 0.3) / (Bp(B + 0.3)) ]²
```

Sf फूटिंगचं सेटलमेंट, Sp प्लेटचं; B फूटिंगची रुंदी, Bp प्लेटची, दोन्ही रुंदी मीटरमध्ये. 2 × 0.6 ला 0.3 × 2.3 ने भागलं की 1.74, त्याचा वर्ग 3. म्हणजे फूटिंग 25 मिमीवर थांबवायचं तर प्लेट 8.3 मिमीवर असताना किती दाब होता ते बघायचं. तुमच्याच रीडिंगमधून तो 18 टन निघतो. डिझाइनवाल्याने काही फुगवलेलं नाही.

ठेकेदार_वाडी: पुस्तकी हिशेब. वाळूत रुंदी वाढली की ताकद वाढते, हे विसरलात का? प्लेटची अंतिम क्षमता 36 धरली तरी 2 मीटरच्या फूटिंगला 36 × 2 ÷ 0.3 म्हणजे 240. तीनने भागा, 80 टन! मग 36 मध्ये भीती कसली?

कलाभवन: माती फुटण्यापुरतं तुमचं बरोबर आहे. पण वाळूवरच्या रुंद फूटिंगखाली माती फुटायच्या कितीतरी आधी सेटलमेंट हद्द ओलांडतं. दोन्ही आकडे काढायचे आणि लहान तो घ्यायचा. 80 आणि 18 मध्ये लहान कोणता?

ठेकेदार_वाडी: 18. ठीक. पण मग फूटिंग 3 मीटरचं करा, दाब कमी होईल.

कलाभवन: इमारतीचा भार तोच असेल तर दाब कमी होईलच. पण परवानगीच्या दाबाचा आकडा फारसा हलत नाही. 3 मीटरला गुणक 3.3 येतो आणि फूटिंग कितीही मोठं केलं तरी या प्लेटसाठी 4 च्या पुढे जात नाही.

मांजलपूरकर: मुद्दा पाण्याचा आहे, तो कुणीच काढत नाही! ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या गल्लीत होतं. ओसरल्यावर कोपऱ्यातल्या खांबाजवळ तिरपी भेग आली. आमचीही टेस्ट उन्हाळ्यातच झाली होती, रिपोर्टमध्ये पाण्याची पातळी हा रकाना कोरा. पैसे घेताना मात्र काही कोरं नव्हतं.

ठेकेदार_वाडी: भेग प्लास्टरची असेल. पाण्याचा बाऊ करून उद्या 9 टन सांगाल!

कलाभवन: पाणी फूटिंगच्या तळापर्यंत येणार असेल तर जुना नियम निम्म्याचाच आहे. वाळूचं सेटलमेंट जवळजवळ दुप्पट होऊ शकतं. शिवाय मे महिन्यातल्या ओलसर बारीक वाळूत कण एकमेकांना धरून असतात. खड्ड्याची भिंत आधाराशिवाय उभी राहते, टेस्टही छान येते, आणि भिजल्यावर ती पकड जाते.

मांजलपूरकर: अगदी हेच आमच्याकडे! भिंत इतकी ताठ की मुकादम म्हणाला, दगडासारखी जमीन आहे.

साबरमती_वन: सरसकट निम्मं मला पटत नाही. फूटिंग दीड मीटर खोल असेल तर बाजूच्या मातीचा फायदा मिळतो, आणि पाणी तळाखाली फूटिंगच्या रुंदीएवढं खोल राहिलं तर कपातच नाही. आधी पातळी मोजा.

कलाभवन: मोजायला हवीच. पण मे महिन्यात मोजून ऑगस्टचं उत्तर मिळत नाही. आसपासच्या विहिरीत पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं ते विचारा.

दाजींचा_शेजारी: इंदूरला दाजींच्या काळ्या मातीच्या प्लॉटवरही 18 च धरायचे का?

साबरमती_वन: नाही हो, हे वाळूचं सूत्र आहे. काळी माती फुगते आणि आकसते, ते थोड्या वेळाच्या या टेस्टमध्ये दिसतच नाही. तिथे वेगळी तपासणी लागते.

साइटवरचा: 18 मान्य, मनाविरुद्ध. विहिरीवाल्याने पाणी पावसाळ्यात 3 मीटरवर येतं असं सांगितलं. फूटिंगचा तळ दीड मीटरवर आहे.

साबरमती_वन: म्हणजे तळाखाली दीड मीटर, रुंदीपेक्षा कमी. थोडी कपात येणार, निम्मी नाही.

कलाभवन: त्या विहिरीवाल्याला पुराच्या वर्षाचंही विचारा. आणि 60 सेमीखाली काय आहे हे प्लेटला कळलेलं नाही. तळापासून 4 मीटर तरी बोअर घेऊन एसपीटी करा, म्हणजे ठोके मोजून खालची माती किती घट्ट ते कळेल. मध्ये सैल थर किंवा चिकणमाती निघाली तर 18 सुद्धा धरता येणार नाहीत.

ठेकेदार_वाडी: बोअरचा खर्च कोण देणार?

मांजलपूरकर: माझ्या खांबाच्या दुरुस्तीचं बिल पाठवू का?